डुक्कर दूर, डास जवळ : जपानी मेंदूज्वराची लस



"मावशी, आम्ही डुक्कर खात नाही, पाळत नाही, त्याच्या जवळपासही जात नाही. मग डुकरांचा रोग माझ्या बाळाला कसा होईल?" हा प्रश्न मला माझ्या भाचीने ऑस्ट्रेलियातून फोनवर विचारला. मी टिपत हलावमध्ये अनेक वर्षे नर्स होते, म्हणून घरात लसीविषयी शंका निघाली की फोन माझ्याकडे येतो. आपल्यापैकी कित्येकांची नातवंडे आज ऑस्ट्रेलियात आहेत. तेव्हा तिला जे सांगितले ते या सदरात थोडे सविस्तर मांडते.

भाची आणि तिचा नवरा मेलबर्नला राहत होते. नवऱ्याला मरे नदीकाठच्या एचुका गावात नोकरी मिळाली आणि सप्टेंबरच्या अखेरीस ते तिकडे राहायला गेले. सोबत एक वर्षाचा मुलगा. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारले, "याला जपानी मेंदूज्वराची लस दिली आहे का?" दिलेली नव्हती, कारण मेलबर्न शहरातल्या मुलांना ती द्यावी लागत नाही.

नावात जपान असले तरी हा रोग आशियात दूरवर पसरलेला आहे. आपल्या भारतातही उत्तर प्रदेशचा पूर्व भाग, बिहार, आसाम आणि विदर्भातले काही जिल्हे इथे त्याचा त्रास आहे. तिथे मुलांना नवव्या महिन्यात आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास लस देतात. आपण मुंबईचे आणि कोकणचे. आपल्या लहानपणी ही लस कोणी टोचली नाही, म्हणून तिचे नाव आपल्याला नवे वाटते.

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या शेतीभागातही 2022 पर्यंत हे नाव नवेच होते. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस तिथल्या डुक्करफार्मांवर माद्यांना मेलेली, सुकलेली किंवा अगदी अशक्त पिल्ले होऊ लागली. तपासणीत जपानी मेंदूज्वराचा विषाणू सापडला. पुढे 4 राज्यांत मिळून 80 च्या आसपास फार्मांवर तो निघाला. 40 हून अधिक माणसे आजारी पडली आणि 7 दगावली. त्या वर्षी पाऊस फार झाला होता. जागोजागी पाणी साचले, पाणपक्षी आले आणि डास माजले.

आता भाचीच्या प्रश्नाकडे येते. हा विषाणू मुळात बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत राहतो. पक्ष्याला चावलेला डास डुकराला चावला की विषाणू डुकराच्या रक्तात शिरतो आणि काही दिवस तिथे अफाट वाढतो. त्या दिवसांत जो डास डुकराचे रक्त पितो तो विषाणू घेऊन उडतो आणि नंतर माणसाला चावतो. डुकराला हात लावल्याने, त्याच्या शेजारून गेल्याने किंवा मांस खाल्ल्यानेही हा रोग होत नाही. त्यामुळे आपल्या खाण्याच्या नियमांनी इथे संरक्षण मिळत नाही. फार्म गावाबाहेर असले तरी डासाला कुंपण नसते.

डुकरांतला रोग आपोआप संपतही नाही. एकदा विषाणू येऊन गेला की त्या डुकराला पुन्हा सहसा होत नाही. पण मांसासाठी पाळलेले डुक्कर साधारण 6 महिन्यांचे झाले की कापले जाते आणि त्याच्या जागी नवी पिल्ले येतात. म्हणजे दर उन्हाळ्यात विषाणूला कोरी जनावरे तयार मिळतात. डिसेंबर 2024 मध्ये उत्तर व्हिक्टोरियातल्या डासांत तो पुन्हा सापडला.

माणूस मात्र या साखळीत शेवटचा आहे. आपल्या रक्तात हा विषाणू इतका कमी असतो की आपल्याला चावलेला डास तो पुढे नेऊ शकत नाही. एका मुलाचा रोग दुसऱ्या मुलाला लागत नाही. ऐकायला ही चांगली बातमी वाटते, पण तिला दुसरी बाजू आहे आणि मला आजी-आजोबांना तीच सांगायची आहे.

पोलिओ किंवा गोवर माणसाकडून माणसाला लागतो. गावातल्या बहुतेक मुलांना लस दिली की रोगाला वाट मिळत नाही आणि ज्याला लस मिळाली नाही असे एखादे मूलही इतरांच्या आडोशाने वाचते. जपानी मेंदूज्वरात असा आडोसा नाही. शेजारच्या सगळ्या मुलांनी लस घेतली तरी फार्मावरची डुकरे, तळ्यावरचे पक्षी आणि डास तेच राहतात. "इतके जण घेतात, आपल्या एकट्याने नाही घेतली तर काय बिघडते?" हा हिशेब इथे लागू पडत नाही. ज्याच्या दंडावर सुई टोचली, संरक्षण त्यालाच.

भाचीचा दुसरा प्रश्न होता, "पण हा रोग किती जणांना होतो?" खरे उत्तर असे की विषाणू शरीरात गेलेल्या शंभरातल्या एकालाही मेंदूज्वर होत नाही. बाकीच्यांना काही कळतही नाही किंवा साधा ताप येऊन जातो. पण ज्यांना मेंदूज्वर होतो त्यांच्यातले 100 पैकी 20 ते 30 दगावतात. जे वाचतात त्यांच्यातल्या 30 ते 50 टक्क्यांना झटके, लुळेपणा किंवा बुद्धीची मंदता कायमची राहते. विषाणूला मारणारे औषध नाही. इस्पितळात फक्त आधाराचे उपचार करता येतात. धोका क्वचितचा, पण घडला तर परत फिरवता न येणारा, असा हा सौदा आहे. म्हणून जिथे विषाणू आहे तिथेच लस देतात आणि जिथे नाही तिथे देत नाहीत.

ऑस्ट्रेलियात दोन लसी मिळतात. एक जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची. ती 9 महिन्यांनंतर एकदाच टोचतात आणि 14 दिवसांत संरक्षण येते. दुसरी मृत विषाणूची. ती 2 महिन्यांच्या बाळापासून देता येते, पण तिचे दोन डोस 28 दिवसांच्या अंतराने द्यावे लागतात आणि दुसऱ्या डोसनंतर आठवड्याने संरक्षण धरतात. ज्याची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी कमी झाली आहे त्याला, गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला जिवंत लस देत नाहीत. भाची अजून बाळाला पाजत होती, म्हणून तिला स्वतःला मृत लस सांगितली.

बाळाची तारीख ठरवताना एक अडचण आली. त्याला मेलबर्नमध्ये 22 सप्टेंबरला गोवर, गालगुंड आणि रुबेलाची लस दिली होती. तीही जिवंत लस आहे. दोन जिवंत लसी एकतर एकाच दिवशी द्यायच्या किंवा त्यांच्यात किमान 4 आठवडे सोडायचे, नाहीतर दुसरी नीट लागू पडत नाही. एकच दिवस तर हुकला होता. म्हणून जिवंत लस 20 ऑक्टोबरच्या आधी देता येत नव्हती. ती त्या दिवशी दिली तर संरक्षण 3 नोव्हेंबरला. मृत लसीला हे बंधन नाही. पहिला डोस 1 ऑक्टोबरला, दुसरा 29 ला आणि संरक्षण 5 नोव्हेंबरला. दोन्ही हिशेब जवळजवळ सारखे आले. डॉक्टरांनी एकच सुई लागेल असा मार्ग निवडला. बाळाला दोन दिवस थोडा ताप होता, कुरकुर होती, मग तो बरा झाला. डास तिथे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतात, म्हणजे लस वेळेत झाली. धोका चालू राहिला तर मुलांना एक-दोन वर्षांनी याच लसीचा आणखी एक डोस देतात, ती तारीख भाचीने लिहून ठेवली आहे.

"डुकरांत रोग आल्याची बातमी आली की मग घेऊ," असेही तिच्या नवऱ्याचे म्हणणे होते. पण मोठे डुक्कर बहुधा आजारी दिसतच नाही. मादीला डास चावल्यानंतर मेलेली पिल्ले होईपर्यंत आठवडे जातात. बातमी छापून येते तेव्हा डास केव्हाच उडालेले असतात, आणि लसीला तर निदान दोन आठवडे हवेत.

लस झाली म्हणून मच्छरदाणी काढायची नाही. मरे नदीच्या खोऱ्यात त्याच डासांपासून होणारा दुसरा एक मेंदूज्वर आहे, त्यावर लस नाही. म्हणून संध्याकाळपासून पहाटेपर्यंत बाळाला अंगभर सैल, फिक्या रंगाचे कपडे, बाबागाडीवर जाळी, आणि उघड्या त्वचेवर वयाला चालणारे डासरोधक. ते बाळाच्या हातांना लावू नये, कारण हात तोंडात जातात. ताप आणि उलटीबरोबर मूल गुंगीत जाऊ लागले, मान ताठ झाली किंवा झटका आला तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठायचे आणि आपण कुठे राहतो ते डॉक्टरांना आपणहून सांगायचे.

आपल्या इस्रायलात जपानी मेंदूज्वर नाही. त्याचा चुलतभाऊ म्हणावा असा पश्चिम नाईल ताप मात्र आहे. तोही पक्ष्यांतून डासांमार्फत येतो आणि आपल्या वयाच्या माणसांनाच अधिक छळतो. 2024 च्या उन्हाळ्यात आपण ते पाहिले. त्याच्यावर माणसांसाठी लस नाही.

आता जे आजी-आजोबा अशा भागात नातवंडांकडे महिना-दोन महिने राहायला जाणार आहेत त्यांच्यासाठी. तिकीट काढताच आरोग्य खात्याच्या प्रवाशांच्या लसीकरण केंद्रात विचारा. मृत लसीची घाईची पद्धत आहे, तिच्यात दोन डोस 7 दिवसांच्या अंतराने देतात, पण ती 65 वर्षांपर्यंतच. त्यापुढे 28 दिवसांचे अंतर पाळावे लागते. म्हणजे निघण्याच्या किमान 5 आठवडे आधी पहिली सुई. उतारवयात लसीचा जोर थोडा कमी पडतो, तेव्हा संध्याकाळी नातवंडाच्या अंगावर लांब बाह्या चढवाल तेव्हा स्वतःच्याही चढवा.