परदेशातल्या भाऊजींचं पत्र आणि देवघरातली समई



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटातल्या एक ताई मीटिंगला पत्र घेऊन आल्या. पत्र त्यांच्या चुलत दिरांचं, कॅनडाहून आलेलं. लिहिलं होतं, "वहिनी, वाड्यातली मोठी समई आणि आजीची नथ यांचे फोटो काढा, मापं घ्या आणि पाठवा. इथे एका जाणकाराकडून किंमत काढून घेतो."

ताईंनी लगेच समई काढली, चिंच भिजवली आणि घासायला बसणार होत्या. मी म्हटलं, "थांबा. आधी फोटो, आणि घासायचं तर नाहीच."

जुन्या पितळेवर वर्षानुवर्षांचा काळपट थर चढतो. तो आपल्याला मळ वाटतो, पण वस्तू किती जुनी आहे हे पाहणारा माणूस त्या थराकडे बघतो. चिंचेनं किंवा राखेनं घासलं की तो जातो, आणि कोरलेली अक्षरंही दर वेळी थोडी झिजतात. म्हणून कोरड्या मऊ फडक्यानं नुसती धूळ पुसायची.

मग आम्ही समई ओसरीवर ठेवली. मागे साधी एकरंगी चादर लावली. ऊन थेट पडत नव्हतं, पण उजेड भरपूर होता. फ्लॅश बंद केला, कारण त्यानं पितळ चकाकतं आणि नक्षी दिसत नाही. शेजारी शाळेची पट्टी उभी ठेवली, म्हणजे आकार फोटोतच कळतो. एक फोटो समोरून, एक मागून, एक वरच्या वाटीचा आणि एक बैठकीच्या तळाचा. जिथे डाग दिलेला होता, तिथला जवळून वेगळा फोटो. दुरुस्ती लपवायची नाही. लपवली तर आलेली किंमत चुकीची असते आणि पुढे घरातच वाद होतो.

मापं शिवणाच्या टेपनं सेंटिमीटरमध्ये घेतली. उंची ६२, बैठकीची रुंदी २१. वजन किराणा दुकानाच्या काट्यावर केलं, ४ किलो ३०० ग्रॅम. समई फिरवून सुटते, तिचे किती भाग आहेत तेही लिहिलं.

तळाचा फोटो काढताना ताईंना अक्षरं दिसली. सासऱ्यांच्या आजोबांचं नाव आणि "शके १८३६". शक सालात ७८ मिळवले की इंग्रजी साल साधारण कळतं, म्हणजे १९१४. समई शंभर वर्षांच्या वरची निघाली.

इथे एक गोष्ट नीट ऐका. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरातन ठरू शकते, आणि पुरातन वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पाहुण्याच्या बॅगेतून नाही, पार्सलनंही नाही. फोटो आणि मापं पाठवायला मात्र काहीच हरकत नाही. वस्तू पुरातन आहे की नाही अशी शंका असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे विचारायचं. म्हणून ताईंनी उत्तरात लिहिलं, "भाऊजी, समई इथेच राहील. किंमत कळवा."

आता नथ. ती सोनाराकडे नेली, पण वजन डोळ्यांसमोर करून घेतलं आणि "मोत्यांसह वजन" असं लिहिलं, कारण नुसत्या सोन्याचं वजन हवं तर तार सोडावी लागते. सोनार कसाला घासू म्हणाला, तेव्हा ताईंनी नको सांगितलं. घासल्यानं थोडं सोनं दगडावर जातंच.

मी ताईंना विचारलं, "ही नथ कुणाची?" त्या म्हणाल्या, "आजेसासूबाईंची. पण माझ्या लग्नात सासूबाईंनी मला घातली." म्हणजे ती घराच्या सामाईक यादीतली नाही. लग्नात बाईला दिलेला दागिना तिचं स्त्रीधन असतो, त्यावर मालकी तिची. पत्रात "आपली नथ" लिहिलेलं असलं म्हणून ती सगळ्यांची होत नाही. आज किंमत काढण्यासाठी केलेली यादी उद्या वाटणीच्या वेळी पुढे येते. म्हणून यादीत प्रत्येक वस्तूपुढे एक रकाना ठेवायचा: कुणी, कुणाला, कधी दिली. ताईंनी नथीपुढे स्वतःचं नाव आणि लग्नाचं साल लिहिलं.

फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवले तर बारीक अक्षरं पुसट होतात. ते डॉक्युमेंट म्हणून पाठवा. यादीची एक प्रत तारीख घालून, सही करून घरात ठेवा. आणि हे फोटो गावाच्या ग्रुपवर टाकू नका. घरात काय आहे ते चोरालाही कळतं.

फोटोवरून येणारी किंमत हा अंदाजच असतो. वस्तू हातात घेतल्याशिवाय पक्की किंमत कुणी सांगत नाही. पण ताईंना एक गोष्ट पक्की कळली. मोडीत किलोवर विकायला काढलेली समई आता परत देवघरात आहे, आणि नथीपुढे त्यांचं नाव आहे.