बीपी ठीक, तरी रुग्ण खालावतोय

आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरची दुसरी रात्र. बीपी ११०/७०, म्हणजे ठीक. पण नर्सने मिनिटभर श्वास मोजले: संध्याकाळी १६ होते, आता २६. नाडी ११८, लघवी जेमतेम, आणि संध्याकाळी गप्पा मारणारे काका असंबद्ध बोलतायत. हे झालं टिपणं. मग अर्थ लावणं: दुखण्याने श्वास वाढेलही, पण लघवी कमी आणि भ्रम कशाने? जंतुसंसर्ग शरीरभर भिनत असावा. त्यात बीपी अनेकदा उशिरा पडतं. म्हणून सकाळच्या राउंडची वाट न पाहता तिने डॉक्टरांना सगळे आकडे फोनवर सांगितले. रक्ताचे नमुने घेतले, अँटिबायोटिक आणि सलाइन सुरू झालं. पंधरा मिनिटांनी तिने पुन्हा श्वास मोजले. नातेवाइकांनो, ‘हे नेहमीसारखे बोलत नाहीत’ असं वाटलं, तर तेव्हाच नर्सला सांगा.