ऊर्जेचा निव्वळ हिशेब

इंधन मिळवायलाही इंधन खर्च होते. मिळालेल्या ऊर्जेला खर्चलेल्या ऊर्जेने भागले की ऊर्जा-परतावा कळतो. अमेरिकेतील मक्याच्या इथेनॉलसाठी तो सुमारे १.२५ आणि ब्राझीलमधील उसाच्या इथेनॉलसाठी सुमारे ८ धरू.

समाजाला निव्वळ १०० एकके हवी असतील, तर मक्यापासून ५०० एकके तयार करावी लागतात. त्यांतील ४०० खत, ट्रॅक्टर आणि ऊर्ध्वपातनातच जातात. उसापासून साधारण ११४ पुरतात, खर्च अवघा १४. कारण उसाच्या कारखान्यात बॉयलरखाली त्याचेच चिपाड जळते. मक्याच्या कारखान्याला बहुधा नैसर्गिक वायू विकत घ्यावा लागतो.

मात्र हिशेबाची हद्द दोन्हीकडे एकच हवी. एकात खत धरले, दुसऱ्यात वगळले, तर तुलना फसते. पिकाने प्यायलेले पाणी तर या गुणोत्तरात दिसतच नाही.