‘टू’ लावायचा की ‘इंग’?

‘ही स्टॉप्ड टॉकिंग’ म्हटले की बोलणारा गप्प होतो. ‘ही स्टॉप्ड टू टॉक’ म्हटले की रस्त्यात थांबलेल्या माणसाच्या गप्पा सुरू होतात. मराठीतही हा फरक आहेच. ‘तो बोलायचा थांबला’ आणि ‘तो बोलायला थांबला’ यांत आपली कधी गफलत होत नाही. इंग्रजीत मात्र हमखास होते.

इंग्रजीत एका क्रियापदाला दुसरे जोडताना त्याला ‘इंग’ लागतो, म्हणजे जेरंड होतो, किंवा आधी ‘टू’ येऊन इन्फिनिटिव्ह होतो. ‘एन्जॉय’ला ‘इंग’च चालतो, ‘वॉन्ट’ला ‘टू’च. ‘स्टार्ट’ला दोन्ही चालतात आणि अर्थही जवळपास तोच राहतो. अर्थ पालटणारी क्रियापदे मोजकीच आहेत, पण ती रोजच्या वापरातली आहेत.

या फरकाचे मूळ ‘टू’मध्येच सापडते. ‘च्या दिशेने’ सांगणारे हे जुने शब्दयोगी अव्यय. त्यामुळे ‘टू’नंतरची कृती बहुधा पुढे असते, व्हायची असते. ‘इंग’ची कृती झालेली, चालू असलेली किंवा नुसती विचारात घेतलेली असते. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ ड्वाइट बोलिंजर यांनी 1968 मध्ये असाच भेद मांडला होता.

‘रिमेंबर’ घ्या. ‘आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर’ म्हणजे आधी आठवण झाली, मग कुलूप लागले. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’मध्ये कुलूप आधीच लागले आहे, आठवण आता होते आहे. ‘फरगेट’चेही तसेच: ‘फरगॉट टू लॉक’ म्हणणाऱ्याचे दार उघडेच राहिलेले असते. ‘रिग्रेट टू इन्फॉर्म’ने सुरू होणाऱ्या पत्रात वाईट बातमी अजून यायची असते, ‘रिग्रेट टेलिंग’ म्हणणारा सांगून पस्तावलेला असतो.

‘ट्राय’ अधिक फसवे. ‘ट्राय टू ओपन द विंडो’ म्हणजे खिडकी घट्ट बसली आहे, जोर लावून बघा. ती उघडेल याची खात्री नाही. ‘ट्राय ओपनिंग द विंडो’मध्ये खिडकी सहज उघडते, फक्त त्याने उकाडा कमी होतो का ते बघायचे. अडचण खिडकी उघडण्यातच आहे की दुसरीकडे, एवढे विचारले की रूप ठरते.

‘गो ऑन टॉकिंग’ म्हणजे बोलतच राहणे, तर ‘गो ऑन टू टॉक’ म्हणजे एक काम आटोपून बोलण्याकडे वळणे. ‘मीन टू’मध्ये इरादा असतो, ‘मीन’पुढे ‘इंग’ आला तर परिणाम.

हा नियम सगळीकडे लावता येत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ‘पोस्टपोन’नंतरची कृती पुढची असूनही तिथे ‘इंग’ लागतो, आणि ‘मॅनेज्ड टू ओपन’मधली खिडकी उघडून झालेली असते. म्हणून दिशेची ही खूण फक्त दोन्ही रूपे घेणाऱ्या क्रियापदांपुरतीच वापरावी. बाकीच्यांसाठी शिकणाऱ्यांचा इंग्रजी शब्दकोश उघडावा. ए. एस. हॉर्नबी यांच्या 1942 साली जपानमध्ये निघालेल्या कोशापासून अशा कोशांत कोणत्या क्रियापदापुढे कोणते रूप येते, हे दिलेले असते.