घाट उतरल्यानंतरचे दुखणे

सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये धावपटू यवतेश्वरचा घाट चढतात आणि तोच उतरतात. खरा मार बसतो तो उतरताना. प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतो, आणि त्यात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरणे नकोसे होते. याचा दोष लॅक्टिक ॲसिडला देऊ नये. वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात आपोआप ओसरते.

मसाज गन ही इजा भरून काढत नाही. तिच्या कंपनांमुळे मेंदूपर्यंत पोचणारी वेदनेची जाणीव काही काळ बोथट होते आणि आखडलेला पाय थोडा मोकळा होतो. हलक्या दाबाने एका स्नायूवर एक-दोन मिनिटे पुरेत. हाडावर, गळ्यावर किंवा सुजलेल्या जागी ती लावू नये.

घट्ट मोजे घोट्याशी जास्त आवळतात आणि वर सैल होत जातात. धावल्यानंतर काही तास घातले तर सूज आणि ठणका थोडा कमी वाटू शकतो. वेग मात्र वाढत नाही. बोटांना मुंग्या आल्या तर माप चुकले आहे.

एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागत असेल, तर शिरेत गुठळी असू शकते. तिथे गन न लावता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एरवी स्नायू झोप, जेवण आणि तीन-चार दिवसांच्या अवधीनेच सावरतो.