नजर ग्राहकाकडे, ओळ काचेवर

पेढीवर आलेल्या ग्राहकाशी बोलताना दुकानदार कागद पाहून बोलत नाही. भाव, घट, घडणावळ हे सारे त्याच्या तोंडी असते आणि नजर समोरच्या माणसाकडे असते. हेच बोलणे व्हिडिओसाठी करायची वेळ आली की अडचण उभी राहते. कॅमेऱ्यासमोर शब्द विसरतात, म्हणून मजकूर लिहून घेतला जातो. आणि लिहिलेला मजकूर वाचू लागताच डोळे डावीकडून उजवीकडे धावू लागतात. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण हा माणूस आपल्याशी बोलत नसून काहीतरी वाचून दाखवतो आहे, हे त्याला पहिल्या काही क्षणांतच कळते. यावरचा उपाय म्हणजे टेलिप्रॉम्प्टर. मात्र यंत्र आणले म्हणजे काम झाले असे नाही. त्या यंत्रावर मजकूर कसा मांडला आहे, यावरच बहुतेक यश अवलंबून असते.

यंत्राची रचना साधी आहे. कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे 45 अंशांत तिरकी काच असते आणि खाली आडवा ठेवलेला टॅब्लेट. टॅब्लेटवरची अक्षरे काचेत उमटतात आणि बोलणाऱ्याला दिसतात. काचेमागच्या लेन्सला मात्र ती दिसत नाहीत. काच आरशाचे काम करत असल्याने टॅब्लेटवर मजकूर उलटा दिसावा अशी सोय अ‍ॅपमध्ये करावी लागते. पार्श्वभूमी काळी आणि अक्षरे पांढरी ठेवतात, कारण काळा रंग काचेत उमटत नाही आणि अक्षरे तेवढी उठून दिसतात. अमेरिकेत 1950 च्या सुमारास ह्यूबर्ट श्लाफ्ली, फ्रेड बार्टन आणि अर्विंग कान यांनी हे साधन प्रथम दूरचित्रवाणीच्या कलाकारांसाठी तयार केले, तेव्हा त्यात काच नव्हती. कॅमेऱ्याशेजारी सरकणारी कागदाची गुंडाळी होती आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत संवाद लिहिलेले असत.

ओळ किती रुंद असावी?

नजर लेन्सवर स्थिर दिसणे हे दोन मापांवर ठरते: ओळीची रुंदी आणि बोलणाऱ्याचे काचेपासूनचे अंतर. ओळ 15 सेंटिमीटर रुंद असेल आणि बोलणारा दीड मीटरवर बसला असेल, तर ओळीच्या टोकाशी त्याची नजर लेन्सपासून जेमतेम तीन अंश सरकते. तोच माणूस पाऊण मीटरवर आला, तर हे सरकणे जवळजवळ सहा अंश होते आणि डोळ्यांची ये-जा उघडी पडते. म्हणून जागा असेल तेवढा कॅमेरा मागे न्यावा आणि चेहरा मोठा दिसण्यासाठी झूम वापरावा.

कॅमेरा मागे गेला की अक्षर लहान दिसते. इथे एक साधे त्रैराशिक मांडता येते. हातभर, म्हणजे सुमारे 40 सेंटिमीटरवर धरलेल्या कागदावर तीन मिलिमीटर उंचीचे अक्षर सुखाने वाचता येत असेल, तर चौपट अंतरावर ते चौपट, म्हणजे 12 मिलिमीटर हवे. एवढे अक्षर 15 सेंटिमीटरच्या ओळीत बसवले की देवनागरीची साधारण बारा ते चौदा अक्षरे मावतात, म्हणजे दोन-तीन शब्द. मोठे अक्षर आणि छोटी ओळ या दोन वेगळ्या आवडीनिवडी नाहीत. एक ठरवली की दुसरी आपोआप ठरते.

देवनागरीसाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार असतात, तर खाली उकार असतात. इंग्रजीसाठी ठेवलेले ओळींमधले अंतर तसेच राहिले, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. अक्षराच्या आकाराच्या दीडपट किंवा त्याहून थोडे अधिक अंतर ठेवले म्हणजे हा घोटाळा टळतो. सारख्या जाडीचा, ठळक टंक निवडावा. बारीक-जाड वळणांचा शोभिवंत टंक लग्नपत्रिकेत शोभतो, काचेत त्याच्या बारीक रेषा हरवतात.

बोलणारी व्यक्ती द्विकेंद्री चष्मा वापरत असेल, तर तो प्रश्न आधीच लक्षात घ्यावा. अक्षर लहान असले की ती व्यक्ती चष्म्याच्या खालच्या भागातून वाचण्यासाठी हनुवटी वर करते, आणि व्हिडिओत तेच ताठ्यासारखे दिसते. अक्षर आणखी मोठे करून शब्द कमी केले की हनुवटी खाली येते.

ओळ कुठे तोडावी?

ओळ छोटी झाली की ती कुठेतरी तोडावीच लागते, आणि खरी जोखीम इथेच आहे. वाचणाऱ्याचा आवाज ओळीच्या शेवटी नकळत खाली येतो. मराठीत तर वाक्याचा निर्णय शेवटच्या शब्दात असतो. एका सराफी पेढीच्या मालकांना हॉलमार्क आणि जुन्या दागिन्याच्या परतीविषयी छोटा व्हिडिओ करायचा आहे, असे समजू. छापील पत्रकातला मजकूर कुणी तसाच टॅब्लेटवर चढवला, तर तो असा दिसेल:

```
दागिना परत दिल्यास घडणावळ परत मिळणार
नाही याची नोंद घ्यावी. दागिन्यावर 22K916
ही शुद्धतेची खूण पाहावी.
```

पहिल्या ओळीच्या शेवटी ‘मिळणार’ या शब्दावर आवाज खाली येतो आणि क्षणभर थांबतो. अर्धवट ऐकणाऱ्याच्या मनात ‘घडणावळ परत मिळणार’ एवढेच राहते. पुढची ओळ वर येईपर्यंतचा हा क्षण पुढे पेढीवर वादाला कारण होऊ शकतो, आणि तेव्हा ग्राहक खोटे बोलत नसतो. म्हणून पहिला नियम असा की ‘नाही’, ‘नको’, ‘शिवाय’, ‘पर्यंत’ असे अर्थ फिरवणारे शब्द आपल्या आधीच्या शब्दापासून कधीही तोडू नयेत. रक्कम आणि ‘रुपये’, आकडा आणि ‘टक्के’ यांनाही एकाच ओळीत ठेवावे.

दुसरा दोष ‘22K916’ मध्ये आहे. हा आकडा डोळ्याला कळतो, पण जिभेला अडखळवतो. वाचणारा त्याचा उच्चार मनात जुळवू लागतो आणि तेवढ्यात नजर गोठते. काचेवरच्या मजकुरात प्रत्येक आकडा जसा बोलायचा तसाच अक्षरांत लिहावा. भाषाही छापील ठेवू नये. ‘सोने’, ‘अक्षरे’ असे लिहिले की वाचनाचा सूर लागतो. ‘सोनं’, ‘अक्षरं’ असे लिहिले की बोलण्याचा.

नजरेच्या खुणा

काचेच्या यंत्रात नजर सतत लेन्सवरच राहते, आणि हाही एक दोषच आहे. पापणी न लवता रोखून पाहणारा माणूस आश्वासक वाटत नाही. समोरासमोर बोलताना दुकानदार हातातल्या दागिन्याकडे पाहतो आणि मग पुन्हा ग्राहकाकडे. नजर कुठे न्यायची आणि कधी परत आणायची, हे मजकुरातच लिहून ठेवावे. या खुणा चौकटी कंसात, वेगळ्या रंगात आणि स्वतंत्र ओळीत लिहाव्यात. वाक्यात मिसळल्या तर त्या हमखास मोठ्याने वाचल्या जातात. खूण एका-दोन शब्दांची असावी. वरचाच मजकूर, थोडा वाढवून, आता असा मांडता येईल:

```
प्रत्येक दागिन्यावर
तीन खुणा असतात.
[दागिना]


[लेन्स]
पहिली, बीआयएसची.
दुसरी, शुद्धतेची:
बावीस कॅरट,
नऊशे सोळा.
तिसरी, एचयूआयडी.
अंक आणि अक्षरं
मिळून सहा.

[लेन्स, थांबा]

दागिना परत दिलात,
त्या दिवसाच्या भावानं
सोन्याचे पैसे मिळतील.
घडणावळ मिळणार नाही.
```

इथे ‘एक, दोन, तीन’ न लिहिता ‘पहिली, दुसरी, तिसरी’ लिहिले आहे. ‘दोन, बावीस’ असे लागोपाठ आकडे आले की कानाची गल्लत होते.

कोऱ्या ओळी शोभेसाठी नाहीत, त्या वेळ मोजतात. मालकांना एक ओळ बेताने बोलायला दोन सेकंद लागतात, असे घड्याळ लावून पाहिले आणि मजकूर त्याच वेगाने सरकवला, तर ‘[दागिना]’ ही खूण आणि तिच्याखालच्या दोन कोऱ्या ओळी मिळून सहा सेकंद होतात. तेवढ्यात दागिना उचलून त्यावरची खूण बोटाने दाखवता येते. पुढची ‘[लेन्स]’ ही ओळ सरकेपर्यंत नजर परत आलेली असते. घडणावळीच्या वाक्यांपूर्वी पुन्हा एक थांबा आहे, कारण नको वाटणारी अट घाईने उरकली की ग्राहकाला ती लपवल्यासारखी वाटते. मांडणीत एकूण 20 ओळी आहेत: 13 बोलायच्या आणि 7 खुणांच्या व कोऱ्या. म्हणजे हा भाग 40 सेकंदांचा झाला. एवढा हिशेब कागदावर जमला की चित्रीकरणाच्या वेळी घाई होत नाही.

मजकूर सरकवण्याचे काम घरातल्या एखाद्या माणसाकडे रिमोट देऊन करता आले तर उत्तम. मात्र त्याने बोलणाऱ्याच्या मागून चालावे. मजकूर पुढे पळू लागला की बोलणारा त्याला गाठण्यासाठी धावतो आणि वाक्यांमधले थांबे नाहीसे होतात.

काचेचे यंत्र नसेल आणि मोबाईलच्याच पडद्यावर मजकूर ठेवायचा असेल, तर फोन उभा धरून मजकूर पुढच्या लेन्सच्या अगदी लगत, अरुंद पट्टीत ठेवावा. 60 सेंटिमीटरवरून पाहताना लेन्सपासून तीन सेंटिमीटर खालची ओळ नजर सुमारे तीन अंश खाली नेते. पडद्याच्या मध्याजवळची, आठ सेंटिमीटर खालची ओळ ती साडेसात अंश नेते, आणि पापण्या झुकलेल्या दिसतात. अशा वेळी पहिले वाक्य, शेवटचे वाक्य आणि अटीचे वाक्य एवढी तीन पाठ करून थेट लेन्सकडे पाहून बोलावीत. ‘[लेन्स]’ ही खूण तेव्हा या वाक्यांच्या आधी येते आणि ‘आता वाचू नका’ असा तिचा अर्थ होतो.

दोन परीक्षा

पूर्ण चित्रीकरणापूर्वी वीस सेकंदांचा तुकडा घेऊन तो दोनदा तपासावा. पहिल्यांदा आवाज बंद करून फक्त डोळे पाहावेत. बुबुळे एका लयीत सरकताना दिसली, तर ओळ अजून रुंद आहे किंवा कॅमेरा जवळ आहे. दुसऱ्यांदा डोळे मिटून फक्त ऐकावे. वाक्याच्या मध्येच आवाज खाली पडला, तर त्या जागी ओळ चुकीची तुटली आहे. बोलणाऱ्याला पुन्हा-पुन्हा ‘नीट बोला’ असे सांगण्यात अर्थ नसतो. दुरुस्ती त्या ओळीत करायची असते.

मांडणीने एक गोष्ट मात्र साधत नाही. जी अट मालकांना स्वतःलाच पूर्ण ठाऊक नाही, ती कितीही मोठ्या अक्षरांत लिहिली तरी उसनीच वाटते. ‘घडणावळ मिळणार नाही’ हे वाक्य पेढीवर शंभर वेळा तोंडी सांगितलेले असेल, तर काचेवरची ओळ केवळ आठवण करून देते आणि नजर खरोखरच ग्राहकाकडे राहते.