हरभऱ्याची बीजप्रक्रिया : आधी बुरशीनाशक, शेवटी रायझोबियम

रायझोबियमच्या पाकिटातली काळसर भुकटी खतासारखी दिसते, पण त्यात जिवंत जिवाणू असतात. ते हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करतात आणि हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. ते जगले तरच पाकिटाचे पैसे वसूल होतात, म्हणून खरेदीपासून पेरणीपर्यंतची सगळी काळजी त्यांना जगवण्यासाठी घ्यायची.

पाकीट घेताना त्यावर पिकाचे नाव आणि अंतिम तारीख पाहा. सोयाबीनचे जिवाणू हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करत नाहीत. घरी आणल्यावर पाकीट थंड, सावलीच्या जागी ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हात किंवा कीटकनाशकांच्या डब्यांशेजारी ठेवलेल्या पाकिटातले जिवाणू तारखेच्या आतच मरू शकतात, आणि वरून ते कळतही नाही.

प्रमाण दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम. एकरी ३० किलो हरभरा पेरायचा असेल, तर तीन पाकिटे लागतील. एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ टाकून उकळा आणि पाणी पूर्ण थंड होऊ द्या, कारण गरम पाण्यात जिवाणू दगावतात. सावलीत ताडपत्रीवर बी पसरा. गुळाच्या पाण्यात भुकटी कालवून ती हलक्या हाताने बियाण्याला चोळा. प्रत्येक दाण्यावर पातळ काळा थर दिसला की पुरे. पाणी जास्त झाले तर बी फुगते आणि साल सुटते, म्हणून सगळे द्रावण एकदम ओतू नका. बी सावलीतच सुकवा आणि त्याच दिवशी पेरा.

बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी लावा, मग कीटकनाशक, आणि रायझोबियम सर्वांत शेवटी, पेरणीच्या तोंडावर. तिन्ही एकाच द्रावणात कालवली, तर जिवाणू रसायनात बुडून मरतात. तांबेयुक्त बुरशीनाशके त्यांना विशेष मारक आहेत. बाजारातले रंग दिलेले बियाणे बहुधा आधीच रसायन लावलेले असते. अशा बियाण्याला संवर्धकाची मात्रा दुप्पट ठेवा. मर रोगासाठी किलोला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा वापरले, तर रसायनाचा हा प्रश्नच राहत नाही. स्फुरद विरघळवणारे जिवाणूही रायझोबियमसोबत लावता येतात.

परिणाम मुळांवर दिसतो. पेरणीनंतर साधारण ४० ते ४५ दिवसांनी चार-पाच झाडे खुरप्याने मातीसकट काढा. नुसती उपटली तर गाठी जमिनीतच तुटून राहतात. मुळे पाण्यात धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. आतला रंग गुलाबी किंवा लालसर असेल, तर नत्र मिळतो आहे. पांढरट किंवा हिरवट असेल, तर गाठ असूनही काम होत नाही.

ज्या शेतात हरभरा दरसाल होतो, तिथे मातीत हे जिवाणू आधीच असू शकतात आणि फरक कमी दिसतो. ज्या रानात हरभरा पहिल्यांदा घेणार आहात, तिथे मात्र ही प्रक्रिया चुकवू नका.